नट आवळण्याआधी बाण बघा

"ब्रेक जरा लांब लागतोय, टाईट करून द्या," असं आपण गॅरेजवाल्याला सांगतो. तो गाडीच्या मागे उकिडवा बसतो, चाकाजवळचा एक नट चार वेढे फिरवतो, लिव्हर दाबून बघतो आणि "घ्या, झालं" म्हणतो. बरेचदा पैसेही घेत नाही. काही महिन्यांनी पुन्हा तेच. असं पाच-सहा वेळा झालं की एक दिवस नट फिरवायला जागाच उरत नाही. तेव्हा कळतं, की इतके दिवस ब्रेकची दुरुस्ती होत नव्हती. आतली झीज बाहेरून केबल आखडून झाकली जात होती.

नट फिरवणं चूक नाही. ड्रम ब्रेकच्या गाडीला ते अधूनमधून करावंच लागतं आणि घरी कुणालाही करता येतं. पण नट कुठवर फिरवायचा आणि कुठे थांबून चाक उतरवायचं, हे समजायला आत काय चाललंय ते आधी बघायला हवं.

घरोघरी असते तशी 110 सीसीची बिनगिअरची स्कूटर डोळ्यांसमोर आणा. मागच्या चाकाच्या मधोमध जो पोकळ, वाटोळा भाग असतो तो ड्रम. होंडा ऍक्टिव्हासारख्या गाडीत त्याचा आतला व्यास 130 मिलिमीटर असतो. ड्रम चाकाबरोबर फिरतो. त्याच्या पोटात दोन अर्धगोल शू समोरासमोर बसवलेले असतात. ते फिरत नाहीत, कारण ते चाकावर नसून इंजिनाच्या मागच्या केसिंगवर बसलेले असतात. शू ऍल्युमिनियमचे आणि त्यांच्या पाठीवर चिकटवलेला घर्षणाचा थर म्हणजे लायनर. गॅरेजमध्ये "लायनर गेले" म्हणतात ते याच थराबद्दल.

दोन्ही शूंची एकेक बाजू एका पक्क्या पिनेला टेकलेली असते. दुसऱ्या बाजूला, दोघांच्या मध्ये, कॅम असतो. दोन फळ्यांच्या फटीत चपटी पट्टी आडवी सरकवून ती उभी फिरवली की फळ्या फाकतात, तसंच काम हा कॅम करतो. डाव्या हातातली लिव्हर दाबली की केबल ओढली जाते, केबल बाहेरच्या बाजूचा आर्म ओढते, आर्मबरोबर कॅम फिरतो आणि शू फाकून ड्रमला आतून घासतात. लिव्हर सोडली की दोन स्प्रिंगा शूंना पुन्हा जवळ ओढतात.

आता लायनर झिजला असं समजा. शू आणि ड्रम यांच्यातलं अंतर वाढलं. ते भरून काढायला कॅमला आधीपेक्षा जास्त फिरावं लागणार, म्हणजे लिव्हरही जास्त दाबावी लागणार. ब्रेक "लांब" लागतो तो यामुळे. केबलच्या मागच्या टोकाचा नट आवळला, की केबलची मोकळी लांबी कमी होते आणि आर्म पुढे ओढला जातो. लिव्हर न दाबताही कॅम आता थोडा फिरलेला राहतो. हाताला ब्रेक पुन्हा जवळ लागतो आणि आपलं समाधान होतं. लायनर मात्र होता तेवढाच पातळ असतो.

कॅमची करामत एका मर्यादेपर्यंतच चालते. पट्टी आडवीची तिरपी होताना फळ्या भराभर फाकतात. ती जवळजवळ उभी झाली की कितीही फिरवा, अंतर फारसं वाढत नाही. त्यातच आर्मही काटकोनापलीकडे गेलेला असतो, म्हणजे केबलच्या ओढीचा जोर आधीसारखा लागू पडत नाही. हात दुखेपर्यंत लिव्हर दाबली तरी गाडी रेंगाळत थांबते. त्याहून वाईट म्हणजे कॅम उभा होऊन शूंच्या टोकांत अडकू शकतो. स्प्रिंगांना तो मागे ढकलता येत नाही, आणि लिव्हर सोडली तरी चाक जाम राहतं. चालत्या गाडीचं मागचं चाक असं धरलं गेलं की काय होतं, ते सांगायला नको.

ही वेळ येऊ नये म्हणून कंपन्यांनी एक साधी सोय केलेली असते. आर्मजवळ, कॅमच्या दांड्यावर, एक छोटा बाण असतो आणि शेजारी केसिंगवर एक खूण. गाडीच्या डाव्या बाजूला, चाकालगत, खाली वाकून बघितलं की सापडतो. पहिल्यांदा बघताना चिखल आणि तेलकट धूळ पुसून घ्यावी लागेल. बहुतेक गाड्यांवर ही जागा वर्षानुवर्षं कुणी पाहिलेली नसते. दुसऱ्या माणसाला लिव्हर पूर्ण दाबून धरायला सांगायचं आणि बाण बघायचा. बाण खुणेच्या अलीकडे असेल तर नट फिरवायला हरकत नाही. तो खुणेशी जुळला असेल किंवा ओलांडून गेला असेल, तर नटाचं काम संपलं, शू बदलायचे. लिव्हर सोडलेली असताना बाण बघून उपयोग नाही. तो दाबलेल्या ब्रेकवरच वाचायचा असतो.

बाण अलीकडे आहे असं धरून आधी नटाचं काम नीट समजून घेऊ, कारण तेही नेहमी बरोबर होतंच असं नाही.

गाडी मेन स्टँडवर, सपाट जागी, इंजिन बंद. बिनगिअरच्या स्कूटरचं मागचं चाक इंजिन बंद असताना हाताने फिरतं. इंजिन चालू ठेवून चाकाजवळ हात घालायचा नाही, हे इथेच सांगून टाकतो. डाव्या लिव्हरवर पार्किंगसाठी लॉक असेल तर ते सोडलेलं आहे ना ते बघा. आता लिव्हरचं टोक बोटाने हलकेच ओढा. सुरुवातीला ते सैल हलतं आणि मग केबल ताणल्याचं बोटाला जाणवतं. हे सैल अंतर म्हणजे फ्री प्ले. टोकाजवळ पट्टी धरून मोजलं तर बहुतेक स्कूटरींत ते 10 ते 20 मिलिमीटर असायला हवं. आपल्या गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच धरायचा.

अंतर जास्त असेल तर मागचा नट घड्याळाच्या काट्याच्या दिशेने आवळायचा, कमी असेल तर सैल करायचा. या नटाच्या पुढच्या तोंडाला एक खाच असते आणि ती आर्ममधल्या गोल पिनेवर बसते. म्हणून नट नेहमी अर्ध्या वेढ्याच्या हिशेबाने फिरवायचा आणि शेवटी खाच पिनेवर बसली ना ते डोळ्यांनी पाहायचं. खाच बसली नसेल तर दोन-चारदा ब्रेक लावल्यावर नट आपोआप फिरून खाचेत बसतो आणि मोजून ठेवलेलं अंतर बदलतं. "कालच टाईट केला होता, आज परत सैल" या तक्रारीचं कारण पुष्कळदा एवढंच असतं.

नट आवळल्यावर चाक हाताने फिरवून बघायचं. ते बिनअडथळा फिरलं पाहिजे. गिअरबॉक्समुळे थोडा जडपणा वाटतो तो वेगळा. पण एका ठराविक जागी घासल्याचा आवाज येत असेल, किंवा चाक लगेच थांबत असेल, तर ब्रेक जास्त आवळला आहे. मग हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून दोन्हीकडे लिव्हर बघायची. वळवताना केबल ओढली जाऊन ब्रेक आपोआप लागत असेल, तर केबल कुठेतरी वाकडी अडकली आहे. ते नटाने सुटणार नाही.

काही जणांना ब्रेक अगदी कडक लागतो, लिव्हर केसभरही सैल नको असते. हा हट्ट महागात पडतो. सैलपणा नसेल तर शू ड्रमला सतत हलकेच घासत राहतात. ड्रम तापतो, तापल्यावर लायनरचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो आणि मग कडक लावलेला हाच ब्रेक घसरायला लागतो. पाचगणीहून पसरणी घाट उतरून वाईला येताना हे चांगलंच जाणवतं. लागोपाठ वळणांवर मागचा ब्रेक धरून ठेवला की ड्रम तापून प्रसरण पावतो, म्हणजे शूंपासून आणखी दूर जातो आणि लिव्हर हळूहळू खोल जायला लागते. बिनगिअरच्या स्कूटरीत वेग अगदी कमी झाला की क्लच सुटतो आणि इंजिनाचा अडसरही जातो, त्यामुळे सगळा भार ब्रेकवर येतो. घाटात ब्रेक धरून न ठेवता दोन्ही ब्रेक थोडे लावून सोडायचे ते यासाठी.

एप्रिल 2019 पासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना सीबीएस किंवा एबीएस बंधनकारक झालं. बहुतेक स्कूटरींनी सीबीएस घेतलं. अशा गाडीत डावी लिव्हर दाबली की मागच्या ब्रेकबरोबर पुढचाही थोडा लागतो. मागची बाजू भलतीच झिजली असेल तर ही वाटणी बिघडते. त्यातून पुढच्या चाकाची मदत मिळत असल्यामुळे मागचा ब्रेक ढिला झाल्याचं लवकर लक्षातही येत नाही. माझ्या मते सीबीएसच्या गाड्यांत बाण बघण्याची गरज जुन्या गाड्यांपेक्षा जास्त आहे.

आता बाण खुणेपलीकडे गेलेल्या एका गाडीकडे वळू. आमच्या शेजारच्या वहिनींची सात वर्षांची स्कूटर. तक्रार अशी, की मागचा ब्रेक पूर्ण दाबला तरी गाडी "सरकत" थांबते, आणि दाबताना खर्र असा आवाज येतो. लिव्हर जवळजवळ मुठीला टेकत होती. मागच्या बोल्टवर नटापुढे वेढे भरपूर दिसत होते, म्हणजे नट बराच आत नेलेला होता. बाण पुसून बघितला तर ब्रेक दाबल्यावर तो खुणेच्या स्पष्ट पुढे. ओळखीच्या मिस्त्रींनी बघता क्षणी सांगितलं, "ताई, आता टाईट करायचं नाव काढू नका. चाक उतरवतो."

स्कूटरचं मागचं चाक उतरवताना सायलेन्सर वाटेत येतो. तो गार झाल्यावरच हात लावायचा. इंजिनाच्या तोंडापाशी दोन नट आणि केसिंगवर दोन बोल्ट काढले की तो सुटतो. तोंडापाशी एक गोल गॅस्केट असतं. ते चेपलेलं असेल तर परत बसवताना नवं घालावं, नाहीतर गाडी फटफट आवाज करते. मग चाकाच्या मधोमधचा ऍक्सल नट. तो चांगलाच घट्ट असतो. कुणीतरी ब्रेक दाबून धरला की चाक फिरत नाही आणि लांब दांड्याच्या पान्याने नट सुटतो. इथे ब्रेकच इतका गेलेला होता, की चाक पान्याबरोबर फिरत होतं. शेवटी चाक जमिनीवर टेकवून, गाडीवर माणूस बसवून नट सोडवावा लागला.

नट निघाला तरी चाक निघेना. हेही नेहमीचं. वर्षानुवर्षं घासून ड्रमच्या आत खळगा पडतो आणि कडेला न झिजलेली धार उभी राहते. नट आवळून शू आधीच फाकवून ठेवलेले, त्यामुळे चाक ओढताना ते या धारेत अडकतात. अशा वेळी हातोडी मारण्याआधी ब्रेकचा नट पार सैल करायचा. मिस्त्रींनी तो पूर्ण सोडला, शू आत गेले आणि चाक हातात आलं.

आत काळी भुकटी भरलेली होती. ती फुंकायची नाही आणि कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायची तर मुळीच नाही. बिननावाच्या लायनरमध्ये ऍस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसात गेलेलं परत निघत नाही. ओल्या फडक्याने पुसून फडकं टाकून द्यायचं. अनेक गॅरेजांत अजूनही हवेचा पाइपच मारतात. आपण तेवढ्यापुरतं लांब उभं राहावं, आणि जमलं तर त्यांनाही सांगावं.

शू काढायला पान्याची गरज नसते. दोन्ही शू हाताने बाहेरच्या बाजूला ओढून पुस्तक मिटल्यासारखे दुमडले की स्प्रिंगांसकट निघतात. काढण्याआधी मोबाइलवर एक फोटो काढून ठेवावा. स्प्रिंगांची टोकं कुठल्या भोकात आणि कुठल्या बाजूने आहेत ते नंतर आठवत नाही.

मग मोजमाप. नवा लायनर साधारण 4 मिलिमीटर जाड असतो आणि 2 मिलिमीटरवर तो बाद धरतात. व्हर्नियर लावला तर पिनेकडच्या टोकाला लायनर अजून 2 मिलिमीटरच्या वर होता, पण कॅमकडच्या टोकाजवळ एका जागी दीड मिलिमीटरच उरला होता. शू पिनेभोवती उघडतो, त्यामुळे पिनेजवळ तो कमी हलतो आणि कॅमच्या बाजूला जास्त. म्हणून झीज सारखी नसते. जाडी नेहमी सर्वांत पातळ जागी मोजायची. सरासरी काढून मनाची समजूत घालून घ्यायची नाही.

ड्रमच्या आत कमाल व्यास ओतलेला असतो. 130 मिलिमीटरच्या ड्रमला तो 131 असतो. म्हणजे ड्रमला झिजायला एकूण एक मिलिमीटरची मुभा. या गाडीचा ड्रम त्याच्या आत होता, त्यामुळे चाक वाचलं. आतला चकाकता थर खरखरीत एमरी पेपरने घासून मोडला, तेवढं पुरलं. ड्रम मर्यादेपलीकडे गेलेला असता, तर नवे शू घालूनही बाण लवकरच पुन्हा खुणेपाशी आला असता. नव्या शूंवरही असं होत असेल तर संशय ड्रमवर घ्यावा. ब्रेक दाबल्यावर लिव्हर हाताखाली तालात ढकलल्यासारखी होत असेल, तर ड्रम गोल राहिलेला नाही, लांबट झाला आहे. त्याला एमरी पेपर पुरत नाही.

खर्र आवाजाचं कारण लायनरच्या पातळपणात होतं. पण "सरकत थांबते" याचं काय? ते खालच्या बाजूला सापडलं. एका शूचा काही भाग काळाकुट्ट, ओलसर आणि चमकदार दिसत होता. वास घेतला तर गिअर ऑइलचा. स्कूटरचं मागचं चाक गिअरबॉक्समधून निघणाऱ्या दांड्यावर थेट बसतं आणि त्या दांड्याभोवती एक रबरी ऑइल सील असतं. सील कडक झालं की तेल थेंबाथेंबाने ब्रेकमध्ये उतरतं. बाहेर जमिनीवर काही दिसतच असं नाही, कारण सगळं ड्रममध्येच मुरतं.

अशा गाडीला नुसते नवे शू घातले की ब्रेक पंधरा दिवस छान चालतो आणि मग गिऱ्हाईक गॅरेजवाल्याला "डुप्लिकेट माल घातला" म्हणून सुनावतं. शू चांगलेच असतात, तेल त्यांना खातं. तेल प्यालेला लायनर पेट्रोलने धुऊन किंवा जाळून परत वापरण्याची युक्तीही कामाची नाही. ब्रेक तापला की आत मुरलेलं तेल पुन्हा वर येतं. मिस्त्रींनी सील उपसून नवं ठोकलं, आणि गिअर ऑइलही बदललं. या गाड्यांत ते तेल असतं जेमतेम 120 मिलिलिटरच्या आसपास, त्यामुळे थोडंसं गळलं तरी गिअरबॉक्सच्या दृष्टीने ते थोडं नसतं.

नवे शू घेताना दोन्ही एकदम बदलायचे, स्प्रिंगांसह. जुन्या स्प्रिंगा ढिल्या पडलेल्या असतात; त्या शूंना पुरेसं मागे ओढत नाहीत आणि नवा ब्रेक घासत राहतो. बाजारात अगदी स्वस्त शूही मिळतात. त्यांची भीती जास्त झिजण्याची नाही. लायनर शूवर चिकटवलेला असतो. तो डिंक कच्चा निघाला तर उष्णतेने लायनरची पट्टी सुटते आणि ड्रम आणि शू यांच्यात अडकून चाक धरते. कंपनीचा पार्ट किंवा नावाजलेल्या मेकचा संच घेतला तर खर्चातला फरक चहा-नाश्त्याइतका असतो. इथे काटकसर करण्यात अर्थ नाही.

शू बसवण्याआधी कॅम आणि पिन साफ करायच्या आणि उष्णता सोसणारं ग्रीस त्यांच्यावर बोटाने पुसल्यासारखं, अगदी पातळ लावायचं. जास्त लावलं तर तेच वितळून लायनरवर येतं. लायनरला आणि ड्रमच्या आतल्या बाजूला ग्रीसचं बोट लागता कामा नये. आर्म हाताने ढकलून सोडला की कॅम झटकन मागे आला पाहिजे. पावसाळ्यात चिखल शिरून कॅमचा दांडा गंजतो आणि जड होतो. तसं असेल तर तो काढून साफ केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आणि इथेच एक चलाखी होते, तिच्याकडे लक्ष ठेवा. आर्म कॅमच्या दातेरी दांड्यावर बसतो. तो काढून एक दाता मागे बसवला की आर्मचा कोन परत छान दिसतो आणि नटाला नवी जागा मिळते. शू बदलण्याचा खर्च टाळायला काही ठिकाणी हा उपाय करतात. पण आत कॅम तेवढाच फिरलेला राहतो. बदलते ती बाहेरची दिसणारी खूण, आणि कॅम उभा होऊन अडकण्याचा धोका उलट वाढतो. आर्मवर आणि दांड्यावर एकेक टिंब ठोकलेलं असतं. दोन्ही टिंबं समोरासमोर असली पाहिजेत. नवे शू बसवून ब्रेक दाबल्यावर बाण खुणेपासून चांगला लांब, सुरुवातीच्या बाजूला असायला हवा. तसा नसेल तर टिंबं बघायला सांगा.

चाक परत चढवताना ब्रेकचा नट सैलच ठेवायचा, कारण नवे शू जाड असतात आणि ड्रम त्यांच्यावरून सरकायला जागा लागते. ऍक्सल नट घट्ट करणं हे मात्र अंदाजाचं काम नाही. त्याचा आकडा शंभर न्यूटन मीटरच्या वर असतो. टॉर्क पाना नसेल तर हिशेब असा, की अर्धा मीटर लांब दांड्याच्या टोकावर सुमारे चोवीस किलो वजन टांगल्याइतका जोर म्हणजे 120 न्यूटन मीटर. सैल राहिलेला ऍक्सल नट चाकाच्या आतले दाते खाऊन टाकतो, आणि मग चाक बदलावं लागतं. घरी टॉर्क पाना आणि लांब दांडा नसेल, तर चाक उतरवण्याचं काम गॅरेजवर सोडावं; बाण आणि नट तेवढे आपल्याकडे ठेवावेत.

वहिनींनी गाडी घरी नेली आणि दुसऱ्याच दिवशी फोन केला, "ब्रेक अजून हवा तसा लागत नाही हो." हेही अपेक्षितच. ड्रमचा व्यास झिजून थोडा वाढलेला, नव्या लायनरची गोलाई मूळ मापाची. दोघांची गोलाई जुळेपर्यंत लायनर फक्त मधल्या पट्ट्यात टेकतो. या दिवसांत लिव्हर मऊ लागते आणि ब्रेक कमी पकडतो, म्हणून पुढच्या गाडीपासून अंतर जास्त ठेवायचं आणि सलग जोरात ब्रेक लावत लायनर तापवायचे नाहीत. घाटाचा प्रवास या दिवसांत नकोच. पावसात गाडी रात्रभर उभी राहिली, तर सकाळी पहिल्या ब्रेकला चाक किंचित जास्त पकडतं, कारण ड्रमवर गंजाचा पातळ थर आलेला असतो. पाण्यातून गाडी काढली की नेमकं उलटं. पहिल्या एक-दोन वेळी ब्रेक लागतच नाही. दोन्ही गोष्टी हळू वेगात चार-पाच वेळा ब्रेक लावून जातात आणि त्यांच्यासाठी नटाला हात लावायची गरज नसते.

नवे शू घातल्यावर साधारण दोनशे किलोमीटर झाले की फ्री प्ले पुन्हा मोजा. लायनर ड्रमला बसताना वरवरचा घासला जातो आणि ब्रेक थोडा ढिला होतो, त्यामुळे नटाचा एखाद-दुसरा अर्धा वेढा प्रत्येक गाडीला द्यावाच लागतो. तेव्हाच ब्रेक दाबून बाण कुठे येतो ते बघून फोटो काढून ठेवा. पुढच्या खेपेला किती झीज झाली ते त्या फोटोशी ताडून बघता येतं.